कोर्सची फी भरण्याआधी चाळीस जाहिराती वाचा

चाकणच्या किंवा वाळूजच्या कारखान्यात चार-पाच वर्षं क्वालिटीत काढलेला मेकॅनिकल इंजिनिअर 'आता डेटात जायचं' असं ठरवतो, तेव्हा बहुधा सगळ्यात आधी कोर्स शोधायला लागतो. सहा महिन्यांचा, शनिवार-रविवारचा, फी हप्त्यांनी भरायची सोय असलेला. साइटवर बिलिंग सांभाळणारी सिव्हिल इंजिनिअरही तेच करते. कोर्सच्या माहितीपत्रकात पायथॉन, मशीन लर्निंग, डीप लर्निंग असं सगळं ओळीनं मांडलेलं असतं आणि ते वाचून बाजारात यालाच मागणी आहे अशी समजूत होते. पण माहितीपत्रक छापणाऱ्याला कोर्स विकायचा असतो. माणूस हवा असतो तो नोकरीची जाहिरात देणाऱ्याला. म्हणून काय शिकायचं हे विचारायचंच असेल, तर जाहिरातीला विचारावं. एखाद-दुसरी वाचून काही कळत नाही. तीस-चाळीस वाचून, ओळ न् ओळ उतरवून घेतल्या की अंदाज यायला लागतो.

उतरवून घ्यायचं म्हणजे खरोखरच उतरवायचं. नोकरी किंवा लिंक्डइनसारख्या पोर्टलवरच्या जाहिरातीची नुसती लिंक जपून उपयोग नाही. जागा भरली की पान जातं. सगळा मजकूर एक्सेलच्या शीटमध्ये चिकटवावा, एका जाहिरातीला एक ओळ. पुढच्या रकान्यांत तारीख, पदाचं नाव, शहर, किती वर्षांचा अनुभव मागितलाय, कुठलं क्षेत्र, कुठली साधनं 'हवीच' आणि कुठली 'असल्यास उत्तम' हे लिहावं. शेवटचा रकाना जरा मोठा ठेवावा. त्यात माणसानं रोज करायचं काय, हे जाहिरातीतल्याच क्रियापदांत टिपायचं.

हे करताना पहिली गोष्ट लक्षात येते ती अशी की पदाच्या नावावर फार विसंबता येत नाही. 'डेटा ॲनालिस्ट' या एकाच नावाखाली कुणाला रोज सकाळी विक्रीचा तक्ता मेल करणारा माणूस हवा असतो, कुणाला डॅशबोर्ड बांधणारा, तर कुणाला चक्क डेटा एन्ट्री करणारा. खरा फरक क्रियापदांत दिसतो. अहवाल पाठवणं, पिव्होट टेबल, व्हीलुकअप असे शब्द असतील तर ते एमआयएसचं काम. डॅशबोर्ड बनवणं, केपीआय ठरवणं, विभागांशी बोलणं असेल तर ते खऱ्या अर्थानं ॲनालिस्टचं. पाइपलाइन, स्पार्क, एअरफ्लो असे शब्द आले की जागा डेटा इंजिनिअरची, नाव काहीही असो. मॉडेल तयार करून ते चालू यंत्रणेत बसवायचं असेल तर डेटा सायंटिस्टची. कारखान्यातून किंवा साइटवरून येणाऱ्यासाठी दुसरी पायरी सर्वांत जवळची, आणि माझ्या मते पहिल्या पायरीलाही नाक मुरडू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे एकच जागा अनेकदा दिसते. कन्सल्टन्सीवाले कंपनीचं नाव न देता 'आमच्या नामांकित ग्राहकासाठी' म्हणून तीच जाहिरात लावतात आणि तीन कन्सल्टन्सींकडून ती तीनदा येते. मजकुरातली दोन-तीन वाक्यं जशीच्या तशी जुळली की ओळखावं आणि एकच ओळ ठेवावी. नाहीतर एकाच कंपनीची हौस बाजाराची मागणी वाटू लागते. काही जाहिराती तर नोकरीच्या नसतातच. फोन केला की आधी ट्रेनिंगची फी सांगतात. त्या शीटमधून काढून टाकाव्यात.

आता मोजणी. इथं इंजिनिअर माणूस साहजिकच सूत्र लावतो. मजकूर ‘एफ’ रकान्यात असेल तर असं:

```
=COUNTIF(F2:F41,"*Excel*")
```

उत्तर येतं आणि आनंद होतो, की एक्सेलला काय मागणी आहे! पण हे सूत्र लहान-मोठं अक्षर पाहत नाही आणि शब्द कुठं संपतो तेही पाहत नाही. इंग्रजी जाहिरातीत हमखास असणारं `excellent communication skills` हेही त्यात मोजलं जातं. `*SQL*` शोधलं तर `NoSQL` मागणाऱ्या जाहिरातीही येतात, आणि ती मागणी वेगळी. `*R*` शोधलं तर आर ही भाषा राहते बाजूला, चाळीसच्या चाळीस जाहिराती हजर होतात. म्हणून प्रत्येक साधनाचा वेगळा रकाना करून वाचत-वाचत हातानं २, १ किंवा ० भरावं. हवंच असेल तर २, असल्यास उत्तम असेल तर १. एक संध्याकाळ जाते, पण ही संध्याकाळ म्हणजेच डेटा ॲनालिस्टचं पहिलं काम. शब्द सापडला म्हणजे अर्थ सापडला असं नाही, हे पुढं नोकरीतही रोज लागतं.

एक नमुना जवळून पाहू. बऱ्याच जाहिरातींत भेटणाऱ्या ओळी एकत्र करून मी तो बनवला आहे: 'उत्पादन व पुरवठा विभागांसाठी पॉवर बीआय डॅशबोर्ड बनवणे व सांभाळणे. एसएपीमधून येणारा डेटा एसक्यूएलने काढून तपासणे. विभागप्रमुखांशी बोलून केपीआय ठरवणे. पायथॉन येत असल्यास प्राधान्य. उत्पादन क्षेत्राची माहिती आवश्यक. अनुभव २ ते ४ वर्षे. १५ दिवसांत रुजू होणाऱ्यांना प्राधान्य.'

उमेदवाराची नजर सर्वांत आधी पायथॉनवर जाते आणि तिथंच तो खचतो. पण पायथॉन 'असल्यास' आहे. एसक्यूएल आणि पॉवर बीआय यांना 'असल्यास' जोडलेलं नाही. 'सांभाळणे' या शब्दातही बातमी आहे. डॅशबोर्ड आधीचे आहेत, कुणीतरी सोडून गेलंय, आणि पहिले दोन महिने दुसऱ्याची सूत्रं उलगडण्यात जाणार आहेत. तिसरं वाक्य सगळ्यांत मोलाचं. केपीआय ठरवणं म्हणजे नुसतं नाव देणं नव्हे. रिवर्क होऊन पास झालेला पीस रिजेक्शनमध्ये धरायचा की नाही? सेटिंगचे पीस धरायचे का? या प्रश्नांवर क्वालिटी आणि प्रॉडक्शन यांचं कधीच एकमत नसतं, आणि ते भांडण आतून पाहिलेला माणूस ही जागा जास्त चांगली भरतो. कॉम्प्युटर सायन्सच्या उमेदवाराला हा प्रश्न सुचेलच असं नाही. 'उत्पादन क्षेत्राची माहिती आवश्यक' ही ओळ म्हणूनच आलेली असते.

खरी अडचण अनुभवाच्या ओळीत आहे, आणि कोर्सवाले तिच्याबद्दल बोलत नाहीत. पाच वर्षांचा अनुभव असलेला मेकॅनिकल इंजिनिअर फ्रेशरच्या जागेसाठी महाग आणि जुना ठरतो. तीन ते पाच वर्षं मागणाऱ्या जागेसाठी त्याच्याकडे डेटातला अनुभव शून्य असतो. पोर्टलवर गाळणी लावणारा एचआरचा माणूस दोन्हीकडून त्याला बाहेर ठेवतो. शंभर ठिकाणी अर्ज करूनही फोन येत नाही याचं कारण बरेचदा अपुरं पायथॉन नसतं, हा खड्डा असतो.

तो ओलांडायचा तर शोधायचे शब्द बदलावे लागतात. नुसतं 'डेटा ॲनालिस्ट' शोधलं की देशभरातले उमेदवार त्याच रांगेत. त्याऐवजी वॉरंटी ॲनालिस्ट, सप्लाय चेन ॲनालिस्ट, प्रॉडक्शन प्लॅनिंगसोबत पॉवर बीआय, ओईई किंवा एमईएससोबत एसक्यूएल असं शोधून पाहावं. सिव्हिलवाल्यांनी प्रोजेक्ट कंट्रोल्स, कॉस्ट ॲनालिस्ट, जीआयएस ॲनालिस्ट हे शब्द टाकावेत. जाहिराती कमी येतील, पण त्यांत तुमची कारखान्यातली वर्षं अनुभव म्हणून मोजली जाण्याची शक्यता जास्त. चाळीसपैकी निदान वीस जाहिराती अशा असाव्यात. त्याशिवाय तुमची शीट तुमची होत नाही, ती कुणाचीही असते.

मोजणी झाली की काय शिकायचं याचा क्रम आपोआप पुढं येतो. प्रत्येकाची शीट वेगळी, पण अशा जागांसाठी २ हा आकडा बहुधा एक्सेल, एसक्यूएल आणि पॉवर बीआय किंवा टॅब्लो यांच्याखाली गर्दी करतो आणि पायथॉनखाली १ जास्त दिसतात. पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट मिळतं, मात्र ते विंडोजवरच चालतं; मॅकबुक घेऊन बसलेल्यांनी हे आधी पाहावं. एसक्यूएलचा सराव करायला पोस्टग्रेस किंवा एसक्यूलाइट फुकट आहे. माझं मत विचाराल तर एसक्यूएल आधी आणि खोलात. डॅशबोर्ड देखणा असून आकडा चुकीचा असला, तर तो देखणेपणा अंगाशी येतो.

ही चूक कशी होते ते एका उदाहरणात पाहू, कारण मुलाखतीत असाच प्रश्न येऊ शकतो. समजा दोन टेबलं आहेत. `production` मध्ये प्रत्येक बॅचची एक ओळ, किती पीस बनले ते. `rejection` मध्ये बॅच आणि कारण यांची एक ओळ, त्या कारणानं किती पीस गेले ते. पहिल्या बॅचमध्ये ५०० पीस बनले. बोअर ओव्हरसाइझ ९, बर ६ आणि डॅमेज ५ असे मिळून २० रिजेक्ट झाले. दुसऱ्या बॅचमध्येही ५०० बनले, रिजेक्शन काहीच नाही. शॉपफ्लोअरवरचा कुणीही तोंडी सांगेल: १००० मागे २०, म्हणजे २ टक्के.

नवशिका मात्र असं लिहितो:

```sql
SELECT p.part_no,
       SUM(p.qty_made) AS made,
       SUM(r.qty_rej)  AS rejected
FROM production p
JOIN rejection r ON r.batch_id = p.batch_id
GROUP BY p.part_no;
```

क्वेरी चालते, एररही येत नाही. पण पहिल्या बॅचला रिजेक्शनच्या तीन ओळी जोडल्या गेल्या, म्हणून तिचे ५०० पीस तीनदा मोजले गेले आणि १५०० झाले. दुसऱ्या बॅचला रिजेक्शनची ओळच नाही, म्हणून साध्या जॉइनमध्ये ती सरळ गळाली. उत्तर आलं १५०० मागे २०, म्हणजे १.३३ टक्के. नुसती गळती झाली असती तर ४ टक्के आले असते आणि कुणीतरी ओरडलं असतं. इथं एक चूक आकडा वाढवणारी आणि दुसरी कमी करणारी, त्यामुळे निघालेला आकडा दिसायला अगदी शहाणा. असा आकडा मीटिंगमध्ये महिनोन् महिने खपतो.

दुरुस्ती अशी, की जोडण्याआधी रिजेक्शनची बॅचनिहाय बेरीज करून घ्यायची आणि उत्पादनाची एकही ओळ गळू द्यायची नाही:

```sql
WITH rej AS (
  SELECT batch_id, SUM(qty_rej) AS rejected
  FROM rejection
  GROUP BY batch_id
)
SELECT p.part_no,
       SUM(p.qty_made) AS made,
       SUM(COALESCE(rej.rejected, 0)) AS rejected
FROM production p
LEFT JOIN rej ON rej.batch_id = p.batch_id
GROUP BY p.part_no;
```

आता १००० मागे २०. चूक पकडायची युक्ती क्वेरीत नाही, क्वेरीच्या बाहेर आहे. जोडणी करायच्या आधी एकट्या `production` ची बेरीज काढून ठेवायची आणि जोडणीनंतर ती तेवढीच आहे का ते पाहायचं. पण बेरीज काढून पाहावी असं वाटण्यासाठी 'या लाइनवर एका शिफ्टमध्ये एवढे पीस निघूच शकत नाहीत' हे डोक्यात असावं लागतं. सायकल टाइम माहीत असलेल्या माणसाला १५०० हा आकडा टोचतो.

सिव्हिलकडे याच जातीचं काम स्टीलच्या रिकन्सिलिएशनमध्ये असतं. साइटवर आलेलं स्टील, शिल्लक स्टील आणि बार बेंडिंग शेड्यूलप्रमाणे लागायला हवं होतं ते स्टील, या तिघांची जुळणी. गाडी काट्यावर टनात तोलली जाते, शेड्यूल किलोत असतं आणि किती कापतुकडे भंगारात गेले याची नोंद वेगळ्याच वहीत. तीन टेबलं, वेगवेगळी एककं, आणि आलेल्या मालाची तारीख वापरलेल्या तारखेशी न जुळणारी. बिलिंग इंजिनिअर हे दर महिन्याला आरए बिलाच्या आधी एक्सेलमध्ये करतच असते. तेच पॉवर बीआयमध्ये, मजल्यानुसार आणि ठेकेदारानुसार वेस्टेज दाखवत केलं, तर तो दाखवण्याजोगा प्रोजेक्ट होतो.

प्रोजेक्ट म्हटलं की कंपनीचा डेटा पेन ड्राइव्हवर घेऊन घरी जायचा मोह होतो. तो टाळायचाच. नेमणुकीच्या पत्रावर गोपनीयतेची सही केलेली असते, आणि जुन्या कंपनीचा डेटा मुलाखतीत उघडून दाखवणाऱ्याला नवी कंपनी आपला डेटा कशी सोपवेल? रकाने आणि अडचणी खऱ्या ठेवून आकडे स्वतः बनवावेत आणि तसं स्पष्ट लिहावं. नाहीतर सार्वजनिक डेटा घ्यावा. सिव्हिलवाल्यांसाठी महारेराचं संकेतस्थळ चांगलं आहे. बिल्डरांनी भरलेल्या प्रकल्पांच्या माहितीत काम पूर्ण करायच्या तारखा असतात. एका तालुक्यातले पन्नास प्रकल्प हातानं नोंदवून तारखा किती पुढं गेल्या हे मांडलं, तरी त्यात डेटा गोळा करणं, साफ करणं आणि निष्कर्षाची मर्यादा सांगणं हे सगळं येतं. कॅगलवरचा टायटॅनिकच्या प्रवाशांचा डेटा मात्र जाऊ द्यावा. तो इतक्या रेझ्युमेंवर असतो की वाचणारा पुढच्या ओळीवर जातो.

रेझ्युमेही शीटसमोर ठेवूनच लिहायचा. 'लाइनवरील इन-प्रोसेस तपासणीची जबाबदारी' या ओळीतून डेटाचं काहीच दिसत नाही. तेच काम असं लिहिता येतं: 'चार लाइनच्या शिफ्टनिहाय रिजेक्शनचा पॅरेटो दर आठवड्याला तयार केला, वरच्या दोन कारणांवर टूल बदलण्याची वारंवारता ठरवली, तीन महिन्यांत बोअर ओव्हरसाइझचं रिजेक्शन इतकं खाली आलं.' 'इतकं' च्या जागी खरा आकडा हवा, कारण मुलाखतीत तो कसा काढला हे विचारतातच. एक्स-बार चार्ट, सीपीके, एटडी रिपोर्ट हे सगळं केलेला माणूस सांख्यिकी नवी शिकत नसतो. त्यानं ती वेगळ्या नावांनी रोज वापरलेली असते, फक्त रेझ्युमेवर ती 'क्वालिटी टूल्स' या दोन शब्दांत गाडलेली असते.

जाहिरातींनाही मर्यादा आहेत. पुष्कळ जाहिराती मागच्या वर्षीच्या फायलीतून उचललेल्या असतात, त्यामुळे कंपनी ज्या टूलमधून बाहेर पडली तेही यादीत राहतं. मागण्यांची यादी ही अनेकदा इच्छांची यादी असते. दहापैकी सहा-सात गोष्टी येत असतील तर अर्ज करायला हरकत नाही, फक्त त्या सहा-सातांत 'हवंच' असलेल्या सगळ्या असाव्यात. शीट दोन महिन्यांनी पुन्हा करावी. दोन्ही वेळा वर राहिलेली साधनं तेवढी खरी धरावी. आणि तीच जाहिरात दोन्ही वेळा सापडली तर तिथं माणूस का टिकत नाही, किंवा का घेतला जात नाही, हे तिथं काम करणाऱ्या कुणाला तरी विचारून घ्यावं.

काही जागा तर जाहिरातीत येतच नाहीत. मोठ्या कारखान्यांत आयटी किंवा डिजिटल विभागाला शॉपफ्लोअर समजणारा माणूस हवा असतो आणि तो ते आतूनच शोधतात. 'सर, रिजेक्शनचा रोजचा अहवाल मी पॉवर बीआयवर करून देतो' असं आपल्याच मॅनेजरला म्हणण्यानं खड्ड्याचा निम्मा भाग भरतो, कारण सहा महिन्यांनी पोर्टलवर 'डेटातला अनुभव' या चौकटीत लिहायला काहीतरी खरं असतं. परवानगी मात्र आधी घ्यावी, आणि डेटा कंपनीच्याच लॅपटॉपवर ठेवावा.

राहता राहिली शेवटची ओळ, '१५ दिवसांत रुजू'. कारखान्यांत नोटीस पीरियड दोन-तीन महिन्यांचा असू शकतो, आणि ही ओळ पाहून काही जण हातात काही नसताना राजीनामा देऊन मोकळे होतात. मी तरी तसं सुचवणार नाही. शीटमध्ये त्यासाठी आणखी एक रकाना करावा: कुठल्या क्षेत्रातल्या जाहिराती किती दिवस थांबायला तयार आहेत. अगदी पंधरा दिवसांवर अडलेल्या जागा बाजूला ठेवून उरलेल्यांवर जोर लावावा, आणि आपल्या नेमणुकीच्या पत्रात नोटीसऐवजी पगार कापून लवकर सोडायची सोय आहे का, ते अर्ज करण्याआधीच वाचून ठेवावं.